तांब्याची पट्टी आणि चाळीस मिनिटं

माझं भंडाऱ्याला गिलटाचं दुकान आहे. मोटारसायकलचे सायलेन्सर, खुर्च्यांचे पाय, नळाच्या तोट्या, जे येईल ते चकचकीत करून देतो. टाकीत कुठली वस्तू किती करंटवर किती वेळ ठेवली की किती धातू चढेल, हे मला कागदाशिवाय सांगता येतं. गिऱ्हाईक भावासाठी घासाघीस करायला लागलं की मी मनातल्या मनात गुणाकार करतो आणि त्याच्या दोन पावलं पुढे जाऊन उभा राहतो. लोक म्हणतात, हा माणूस तापट आहे पण हिशेबाला पक्का आहे. खरं आहे. आसगावच्या धानाच्या बांधीतून निघून इथपर्यंत आलो तो काही कोणाच्या मेहरबानीनं नाही.

पण हा गुणाकार मी जिथं शिकलो त्या प्रयोगशाळेची आठवण आली की राग येतो. राग आमच्या फिजिक्सच्या सरांचा. ते आता नाहीत. माणूस गेल्यावर राग ठेवू नये म्हणतात. मी ठेवला आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. दहावीनंतर मी भंडाऱ्याला अकरावी सायन्सला नाव घातलं. धानाची रोवणी आटोपल्याशिवाय बाप सोडेना, म्हणून प्रवेश उशिरा झाला आणि हजेरीत माझा नंबर सगळ्यात शेवटी पडला. हजेरीची रीत अशी होती की आधी मुलं, मग मुली. मुली तिघी. माझं नाव त्या तिघींच्याही खाली. प्रॅक्टिकलला हजेरीप्रमाणे दोघादोघांच्या जोड्या लागल्या. पहिल्या दोन मुली एकीकडे गेल्या, तिसरी उरली आणि तिच्यानंतर मी उरलो.

ती बाजारातल्या भांड्याच्या दुकानदाराची मुलगी. पितळ, तांबं, कासं, असं सगळं तिच्या घरी वजनावर विकलं जायचं. दोन वर्षं आम्ही एका टेबलावर प्रयोग केले. सुरुवातीला ती मला ‘तुमी’ म्हणायची आणि मी तिला काहीच म्हणत नव्हतो. ‘ते भिंग द्या’, ‘तो स्क्रू पकडा’ असं हवेत बोलायचो. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत कसं कोण जाणे, दोघंही ‘तू’वर आलो होतो. पण ते फक्त त्या टेबलापुरतं. कॉलेजच्या फाटकाबाहेर ती मला ओळखत नसे आणि मीही तिला ओळखत नसे. तेव्हा भंडाऱ्यात तसंच होतं. एखाद्या मुलीशी मुलगा रस्त्यात दोन शब्द बोलला तर ती बातमी तिच्याआधी तिच्या घरी पोचायची.

प्रयोगसुद्धा असे असायचे की बोलायला उसंत नाही. लोलकाचे झोके मोजायचे, तर तोंड बंद. भिंगाचा प्रयोग, तर एक जण या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. एकच प्रयोग वेगळा होता, तांब्याच्या व्होल्टामीटरचा. काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी, त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या, बाहेर बॅटरी, अॅमीटर आणि करंट कमीजास्त करायचा रिओस्टॅट. करंट सुरू करायचा आणि चाळीस मिनिटं काहीही करायचं नाही. एकानं अॅमीटरचा काटा अर्ध्या अँपिअरवरून हलू द्यायचा नाही, दुसऱ्यानं घड्याळ पाहायचं. शेजारी शेजारी उभं राहायचं, सरांच्या परवानगीनं, सगळ्यांच्या देखत.

यादीत हा प्रयोग सगळ्यात शेवटी होता. मी वर्षभर त्याची वाट पाहिली.

मला तिला एकच गोष्ट विचारायची होती. बारावीनंतर ती पुढे शिकणार का, आणि शिकणार असेल तर इथंच की नागपूरला? मला कळलं असतं तर मी तशी तजवीज केली असती. नागपूरला राहायचं म्हणजे खोली आली, खाणं आलं. बापाला आधीपासून तयार करायला हवं होतं, मामाला गळ घालायला हवी होती. असली कामं मला जमायची. फक्त कुठल्या गावासाठी झटायचं ते कळायला हवं होतं.

तो दिवस आला. तिनं काचकागदानं दोन्ही पट्ट्या घासल्या, धुतल्या, टिपकागदानं टिपल्या. मग तराजूवर बसली. प्रयोगशाळेचा तराजू काचेच्या पेटीत असतो, श्वास लागला तरी पारडं हलतं. ती बांगड्या काढून टेबलावर ठेवायची, चिमट्यानं एकेक वजन उचलायची आणि काचेचं दार लावून श्वास धरून बसायची. तेव्हा तिच्याकडे पाहत राहिलं तरी कोणी काही म्हणत नसे, कारण सगळ्यांना वाटायचं की मी काट्याकडे पाहतो आहे.

पुस्तकात फक्त कॅथोडचं, म्हणजे तांबं चढणाऱ्या पट्टीचं, वजन करायला सांगितलं होतं. तिनं अॅनोडचं, दुसऱ्या पट्टीचंही केलं.

“ते कायले?” मी विचारलं.

“आमच्या दुकानात देणं आणि घेणं दोन्ही तोलतेत,” ती म्हणाली. “एकच तोलला तर बाबा ओरडते.”

करंट सुरू झाला. मी रिओस्टॅटवर हात ठेवला. ती बापाचं मनगटी घड्याळ घेऊन आली होती, ते टेबलावर ठेवून शेजारी उभी राहिली. आता विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, “मिठाच्या पाण्यातून करंट सोडला तर कॅथोडवर काय येईल?”

“सोडियम.”

“वा! सोडियम पाण्यात निवांत बसून राहीन का? हायड्रोजन येते. सोडियम पाहिजे तर मीठ वितळवा लागते.”

“आणि अॅनोडवर?”

“क्लोरीन. मीठ पाण्यात असो का वितळलेलं, दोन्हीकडे.”

“बरं बाप्पा.”

वर्गात गणितांत मी पहिला होतो. सर फळ्यावर आकडे मांडायचे तेव्हा त्यांचा खडू थांबायच्या आधी माझं उत्तर तयार असायचं. माझ्याजवळ दाखवण्यासारखी तीच एक वस्तू होती. चप्पल दाखवण्यासारखी नव्हती, सदराही तसा नव्हता. म्हणून मी तेच दाखवत सुटलो.

“सिल्व्हर नायट्रेट घे. एक अँपिअर. नऊशे पासष्ट सेकंद. चांदी किती?”

तिनं बोटानं टेबलावर लिहिलं. “नऊशे पासष्ट कूलोम. फॅरडे शहाण्णव हजार पाचशेचा. म्हणजे शंभरावा हिस्सा. चांदी एकशे आठ... एक पूर्णांक शून्य आठ ग्रॅम.”

“जमते तुले.”

“तू मास्तर हायेस का?”

मी हसलो. ती हसली नाही. घड्याळाकडे पाहून म्हणाली, “अर्धा वेळ झाला.”

तेव्हा तरी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, “आपल्या या भांड्यात अॅनोडवर काय येऊन राहिलं, सांग.”

“ऑक्सिजन.”

“बुडबुडे दिसून राहिले का तुले?”

ती भांड्यावर वाकली. “नाही.”

“कार्बनची कांडी लावली असती, प्लॅटिनम लावलं असतं, तर ऑक्सिजन आला असता. इथं अॅनोडच तांब्याचा हाय. तो सोताच विरघळते. त्याचं तांबं पाण्यात जाते आणि पाण्यातलं तांबं कॅथोडवर बसते. म्हणून पाण्याचा निळा रंग उतरत नाही.”

ती बराच वेळ त्या दोन पट्ट्यांकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, “जेवढं इथून जाते तेवढंच तिथं येते?”

“तेवढंच. रत्तीभर कमी नाही.”

“वाटेत कुठं जात नाही?”

“नाही.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तसं पाहणं मला नंतर कुठं मिळालं नाही. काटा सरकला म्हणून मी रिओस्टॅटकडे पाहिलं, तो जागेवर आणला, आणि परत पाहिलं तेव्हा ती घड्याळ पाहत होती. “झाले,” ती म्हणाली.

मी बॅटरी तोडली. कॅथोड बाहेर काढला. पट्टीवर नवं तांबं बसलं होतं, मळकट लालसर, खरबरीत, पेरूच्या आतल्यासारखं. कॅथोड खरंतर फक्त पाण्यातून काढून, न चोळता, टिपून वाळवायचा असतो. ती पट्टी घेऊन नळाकडे गेली आणि काचकागदानं घासायला लागली.

तिच्या घरची ती सवय होती. बायका जुनी भांडी मोडीत घालायला आणत. दुकानात त्या भांड्यावरची काजळी, राख, चिकटलेलं काय असेल ते आधी घासून काढायचं आणि मगच तोलायचं. मळकं भांडं तोललं तर दुकानदार बुडतो. काळं तांबं तराजूवर ठेवणं हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं.

मी पाहत होतो. एका शब्दात थांबवता आलं असतं. पण माझ्या डोक्यात तेव्हाच दुसरा हिशेब झाला होता. पट्टी घासली जाईल, वजन चुकेल, प्रयोग फसेल, आणि फसलेला प्रयोग पुन्हा करावा लागतो. पुन्हा म्हणजे आणखी चाळीस मिनिटं. या वेळेस मी नक्की विचारीन. गिऱ्हाईक आपल्या हातानं आपलाच माल कमी करत असेल तर समोरच्यानं त्याचा हात धरू नये, ही अक्कल मला तेव्हाही होती.

तिनं पट्टी आरशासारखी करून आणली आणि तोलली. वजन वाढलं होतं शून्य पूर्णांक एकवीस ग्रॅम.

सर आले. जर्नल पाहिलं. माझ्याकडे वळले. “किती यायला पाहिजे रे?”

हे मला झोपेतही सांगता आलं असतं. “अर्धा अँपिअर गुणिले चोवीसशे सेकंद, बाराशे कूलोम. साडेत्रेसष्ट ग्रॅम तांब्याला दोन फॅरडे लागतात, एक लाख त्र्याण्णव हजार कूलोम. म्हणजे शून्य पूर्णांक तीनशे पंच्याण्णव, सर.”

“आणि आलं एकवीस. अर्धं गेलं कुठं?”

ती गोंधळून गेली. “सर, मी घासली. मळकी होती म्हणून.”

“घासली? अगं, तो मळ नव्हता, तेच तांबं होतं!” टेबलांवरून हसणं फुटलं. कोणी तरी म्हणालं, “दुकानाची सवय हाय सर.” तिची मान खाली गेली. मला त्या हसणाऱ्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

सर म्हणाले, “जाऊ द्या. शून्य पूर्णांक एकोणचाळीस लिहा. सगळे तेच करतात. पुढं चला.”

माझं बोलणं तिथून सुरू झालं.

“सर, खोटं कसं लिहायचं?”

“खोटं कसं? उत्तर तर तूच सांगितलं.”

“उत्तर पुस्तकातल्या आकड्यावरून सांगितलं. आपल्याला तोच आकडा, एका कूलोमला किती तांबं चढते तो, प्रयोगातून काढायचा हाये. पुस्तकातून वजन काढलं आणि त्या वजनातून पुन्हा पुस्तकाचाच आकडा काढला, तर मधात हे भांडं कायले ठेवलं? बॅटरी कायले लावली?”

“आवाज खाली कर.”

“आवाज खाली करतो, सर. पण मग या दोन वर्षांत आम्ही काय शिकलो ते सांगा. वजन जुळवायला शिकलो?”

मला माहीत होतं मी कसा दिसतो आहे. सत्यासाठी भांडणारा गरीब पोरगा. सरांचे कान लाल झाले. मग ते खुर्चीवर बसले, चष्मा काढला, पुसला. ते वाईट माणूस नव्हते, हे मी रागातही कबूल करतो.

“बरं,” ते म्हणाले. “उद्या दुपारी या दोघं. पुन्हा करा. दुसऱ्यांची जर्नलं झाली आहेत, तुम्हाला टेबल मोकळं मिळेल.”

मी जिंकलो होतो. आयुष्यात मी पुष्कळ सौदे जिंकले, पण त्या वेळेस छातीत जे झालं ते नंतर कुठल्याच सौद्यात झालं नाही. उद्या दुपारी. मोकळं टेबल. प्रयोगशाळेत कोणी नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

ती म्हणाली, “सर, अॅनोड तोलून पाहू का?”

सरांनी चष्मा घातला. “म्हणजे?”

“अॅनोडले मी घासलं नाही. तो फक्त धुतला, टिपून ठेवला. आणि आधी तोलला होता. जेवढं तिथून गेलं तेवढंच कॅथोडवर आलं असन ना? मंग त्याची घट म्हणजेच याची वाढ.”

सरांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. ते स्वतः तराजूपाशी गेले. तिनं बांगड्या काढल्या, पट्टी ठेवली, दार लावलं. आधीचं वजन तिला तोंडपाठ होतं. तिनं वजाबाकी मोठ्यानं केली. शून्य पूर्णांक तीनशे सत्त्याण्णव ग्रॅम घट. माझ्या उत्तरापेक्षा दोन मिलिग्रॅम जास्त.

“वा!” सर म्हणाले. “याला म्हणतात डोकं. जर्नलमध्ये असंच लिहा, कॅथोड चुकून घासला गेला, म्हणून अॅनोडच्या घटीवरून काढलं. मी सही करतो. आता उद्या यायची गरज नाही.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुझंही समाधान झालं ना रे? खोटं काही लिहावं लागलं नाही.”

मी मान हलवली. त्या क्षणापासून मी त्या माणसाचा राग धरला आहे. त्यांनी उद्याची दुपार दिली आणि त्याच तोंडानं परत घेतली. दिलेला शब्द असा फिरवू नये. मी माझ्या दुकानात कधी फिरवत नाही.

सर सही करून दुसऱ्या टेबलावर गेले. ती भांडं नळाखाली धुवत होती. मी तारा गुंडाळत जवळ गेलो आणि दात चावून म्हणालो, “लई हुशार झाली तू.”

“तुले माहीत नव्हतं का हे?” तिनं मागे न पाहता विचारलं.

मी तार गुंडाळत राहिलो.

“तूच तर सांगितलं मले, रत्तीभर कमी नाही म्हणून. मंग सरले काहून नाही सांगितलं? भांडत काहून बसला?”

“पुन्हा करायचा होता.”

“कायले?”

तारेचा पीळ हातात घट्ट धरून मी उभा होतो. मागच्या टेबलावर दोघं जण आमच्याकडेच कान लावून होते. तिनं भांडं उपडं ठेवलं, हात पदराला पुसले.

“चाळीस मिनिटं होती तुझ्यापाशी,” ती म्हणाली, अगदी हळू. “तू गणितंच विचारत बसला.”

मग तिनं बांगड्या उचलल्या, एकेक करून हातात घातल्या आणि जर्नल छातीशी धरून आपल्या मैत्रिणींकडे निघून गेली.

त्यानंतर अभ्यासाची सुटी लागली. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला मी भिंगाच्या टेबलावर होतो आणि ती खिडकीजवळच्या टेबलावर. मधे बाहेरून आलेले परीक्षक फिरत होते. पेपर सुटला की फाटकाशी तिचा बाप सायकल घेऊन उभा असे. मी पेपर संपायच्या आधी उठून बाहेर येऊन उभा राहिलो तरी तो आधीच तिथं हजर. त्याच्याशी मी काय घासाघीस करणार होतो?

निकालानंतर कळलं की ती नागपूरला गेली, बी.एस्सी.ला. कोणी सांगितलं तेही आठवत नाही. बाजारात कोणी तरी सहज बोललं. तोपर्यंत मी गावाकडे परतलो होतो, बापानं मला धानाच्या पोत्यांबरोबर पवनीच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीत बसवलं होतं आणि नागपूरचे अर्ज बंद झाले होते. पुढच्या वर्षी जाता आलं असतं. त्या वर्षी मामा आजारी पडला, त्याच्या पुढच्या वर्षी मी एका गिलटाच्या कारखान्यात कामाला लागलो. तिथं मालकाला मी पहिल्याच दिवशी टाकीतल्या मालावर किती निकेल चढतंय ते तोंडी काढून दाखवलं. त्यानं मला ठेवून घेतलं. पुढचं सगळं मी केलं.

कधी कधी कारध्याच्या पुलावरून वैनगंगा ओलांडताना मी विचार करतो की ती तिकडे नागपूरला कॉलेजात कोणाच्या शेजारी उभी राहिली असेल, आणि त्यानं तिला काय विचारलं असेल. गणित नसेल विचारलं, एवढं नक्की. आजही वाटतं की सरांनी तोंड बंद ठेवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं असतं. पण कधी मध्येच वाटतं, उद्या दुपारीसुद्धा मी काटा अर्ध्या अँपिअरवर धरून तिला विचारलं असतं, शिशाच्या क्षारात अॅनोडवर काय येते.

ती हसली असती बहुतेक. आणि मग घड्याळ पाहिलं असतं.